तीनच्या चार गोळ्या

आमच्या निफाड तालुक्यात उन्हाळ कांदा बाजारात आला की ड्रायव्हर लोक गावात सापडत नाहीत. गाडी भरली की निघाली, आली की पुन्हा खळ्यावर लागली. अशा माणसाला सहा महिने रोज टीबीच्या गोळ्या खायला लावणं म्हणजे काय असतं, ते आमच्या उपकेंद्रातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. मी इथे आरोग्यसेविका आहे. ज्या ड्रायव्हरबद्दल लिहितेय त्यांचं नाव देत नाही, दादा म्हणते. मी त्यांना तेच म्हणायचे.

दादांना फेब्रुवारीत फुप्फुसाचा टीबी निघाला होता. वय अडतीसच्या आसपास, दोन महिन्यांचा खोकला, रात्री घाम, आणि वजन घटून 47 किलोवर आलेलं. थुंकी मशीनवर तपासली तेव्हा टीबीचे जंतू सापडले, पण रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला ते दाद देणारे होते, म्हणजे साधा टीबी. उपचार लगेच सुरू झाले. सरकारी गोळ्यांमध्ये एकाच गोळीत चार औषधं असतात आणि रोज किती गोळ्या घ्यायच्या ते वजनावर ठरतं. 35 ते 49 किलोला तीन, 50 ते 64 ला चार. दादांना रोज तीन लागू झाल्या.

पहिले दोन महिने त्यांनी नीट घेतल्या. त्या काळात शेठला सांगून जवळची भाडी घेतली होती, मालेगाव-धुळे, फार तर इंदूर. खोकला तिसऱ्या आठवड्यातच कमी झाला, भूक लागायला लागली. 56 डोस पूर्ण झाले तेव्हा थुंकी पुन्हा तपासली, रिपोर्ट निगेटिव्ह आला. वजन भरलं 53 किलो. वहिनी तेव्हा काट्याकडे बघून इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला आणि आशाताईला चहाला घरीच नेलं.

इथपर्यंत सगळं चांगलं. बिघडलं ते पुढच्या महिन्यात, आणि ते मला कळलं तारखेवरून. दुसऱ्या टप्प्याचं पहिलं पाकीट 28 दिवसांचं असतं. ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दिलं होतं. दादा तेव्हा गाडी घेऊन रायपूरच्या रस्त्याला होते, म्हणून पाकीट त्यांचा मेहुणा घेऊन गेला. मे महिन्यात निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत बघितलं, तर पुढचं पाकीट नेण्याची तारीख उलटून गेलेली. आशाताईने फोन केला तर दादा म्हणाले, "गोळ्या आहेत अजून, आलो की नेतो."

हे वाक्य ऐकलं की आमच्यातल्या कुणाच्याही कपाळावर आठी पडते. 28 दिवसांच्या गोळ्या 34 व्या दिवशी शिल्लक कशा असतील? कुणी पोटात नीट घेतल्या असतील तर त्या संपलेल्याच असणार. माणूस खोटं बोलत नव्हता, गोळ्या खरंच होत्या. तीच तर काळजीची गोष्ट होती.

घरी गेले तर वहिनी एकट्याच. सासूबाई शेतावर गेलेल्या, मुलं अंगणात. घरातल्या सगळ्यांचे एक्स-रे फेब्रुवारीतच झाले होते आणि कुणालाही आजार नव्हता, म्हणून सगळ्यांना प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या होत्या. मोठ्या माणसांना आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. धाकट्या चार वर्षांच्या मुलाला रोज, सहा महिने. त्याचं पाकीट मी बघायला मागितलं. एकही दिवस चुकला नव्हता. वहिनी म्हणाल्या, "बारका मागून घेतो हो सिस्टर. पप्पाची गोळी दे म्हणतो."

"आणि पप्पा घेतात का?"

वहिनी थांबल्या. "मी विचारलं की हो म्हणतात. पण पाकीट घरात नाहीये, गाडीत ठेवलंय." मग हळूच म्हणाल्या, "आज गाडी भरायला लागलीय. पिंपळगावला खळ्यावर असतील."

मी पांढरा एप्रन काढून पिशवीत ठेवला आणि तशीच निघाले. ड्रायव्हरच्या आजाराची गोष्ट शेठच्या कानावर गेली तर गाडी सुटते, निदान सुटेल अशी भीती तरी असते. आमच्या कामात ही भीती खोकल्याइतकीच खरी धरून चालावं लागतं. खळ्यावर एप्रन घालून बाई आली, नाव घेऊन विचारलं, की दुपारपर्यंत सगळ्या बाजारात बोभाटा. म्हणून मी कुणाला काही न विचारता शेडच्या कडेने गाड्या बघत गेले. बायका कांदा निवडत बसल्या होत्या, पलीकडे गोण्या शिवणं चाललं होतं, दोन माथाडी फळीवरून गोणी चढवत होते. दादा केबिनच्या पायरीवर बसून बिल्टीची वाट बघत होते. मला बघून उठले.

"काय सिस्टर, इकडे कुठं?"

"इकडून चालले होते. चहा पाजा म्हटलं."

ते समजले. क्लीनरला "ताडपत्री बघ रे" म्हणून मागे पाठवलं आणि आम्ही गेटबाहेरच्या टपरीवर जाऊन बसलो. दादा आधीपेक्षा चांगले दिसत होते, खोटं कशाला सांगू. गाल भरले होते. पण बोलता बोलता दोनदा खाकरले, आणि दुसऱ्यांदा खाकरताना त्यांनी तोंड फिरवून माझ्याकडे बघितलं, मी ऐकलं का म्हणून.

"आज गोळ्या घेतल्या का?"

"घेतल्या ना, सकाळीच."

आता हे तपासायला एक सोपा उपाय आहे. रिफाम्पिसिन घेतल्यावर लघवीचा रंग नारिंगी होतो, केशर घातलेल्या पाण्यासारखा. काही तास तो तसाच राहतो. मे महिन्यात ड्रायव्हर माणसाची लघवी उन्हाने, पाणी कमी पडल्यानेही गडद होते, पण तो गडदपणा पिवळा असतो. दोन्ही रंग एकदा बघितले की पुन्हा चूक होत नाही. माझ्या पिशवीत थुंकीसाठीच्या डब्या असतातच, त्यातली एक मी त्यांना दिली. "शेडमागे जाऊन या," म्हटलं. "थुंकी नको. लघवी हवी, थोडीशी."

ते डबी घेऊन गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले ते डबी मुठीत धरून. टपरीच्या बाकाखाली, कुणाला दिसणार नाही अशी ठेवली. गडद पिवळी होती. नारिंगीची झाकही नव्हती.

मी काही बोलले नाही. म्हटलं, "पाकीट दाखवता का?"

केबिनमध्ये, डॅशबोर्डवरच्या देवाच्या फोटोमागे प्लॅस्टिकच्या पिशवीत पाकीट होतं. उन्हाने तापून पिशवी मऊ झाली होती. मी ते टपरीवर आणून मांडीवर उघडलं. एका स्ट्रिपमध्ये 28 गोळ्या. रोज चार म्हणजे एक स्ट्रिप आठवडाभर पुरते, आणि महिन्याच्या चार स्ट्रिपा. पहिली पूर्ण रिकामी. दुसरीतल्या तीन ओळी, चार-चारच्या, नीट फोडलेल्या. त्यानंतरच्या चार खाचा मात्र स्ट्रिपभर विखुरलेल्या होत्या, एक इथे, एक तिथे, अंगठ्याने घाईत दाबलेल्या. उरलेल्या दोन स्ट्रिपांच्या पन्नीला चरासुद्धा पडला नव्हता.

स्ट्रिप वाचता येते. पहिले दहा दिवस माणसाने सरळ घेतल्या होत्या. मग थांबला. मग कधीतरी दोन वेळा दोन-दोन गोळ्या घेतल्या होत्या.

"या विखुरलेल्या कशा?"

"खोकला आला तेव्हा घेतल्या," दादा म्हणाले. "दोनदा आला जरा जास्त. दोन गोळ्या घेतल्या की उतरला."

इथे मला खरी धास्ती वाटली. त्याचं कारण नीट सांगते. गोळ्या पूर्ण बंद केल्या तर आजार परत उलटण्याची भीती असते. उलटलेला आजार पुष्कळदा पहिल्याच औषधांनी बरा होतो, फक्त सगळं पहिल्यापासून करावं लागतं. पण मधेच सोडायच्या, मधेच अर्ध्या घ्यायच्या, पुन्हा सोडायच्या, असं चाललं की शरीरात औषध असतं पण जंतू मारण्याइतकं नसतं. त्यात जे जंतू तग धरतात ते पुढे वाढतात. औषधाला न जुमानणारा टीबी तयार व्हायला हीच परिस्थिती मिळते. एका गोळीत सगळी औषधं घालण्यामागे हेच कारण आहे, की माणसाने कुठलंही एकच औषध सुटं घेऊ नये. पण डोसच निम्मा केला तर त्या सोयीचाही पुरेसा उपयोग होत नाही. खोकला दोन गोळ्यांनी उतरत नसतो. तो आपोआप उतरला असेल, आणि श्रेय गोळीला गेलं.

मी विचारलं, "दादा, सोडल्या का? खरं सांगा. मी रागावणार नाही, मला फक्त कळायला हवं."

ते बराच वेळ कपाच्या कडेवर बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "सिस्टर, मी बरा झालो होतो ना? रिपोर्ट निगेटिव्ह. वजन वाढलं. तुम्हीच म्हणालात चांगलं आहे. मग गोळ्या तीनच्या चार का केल्या? बरा होणाऱ्या माणसाच्या गोळ्या कमी होतात. वाढवल्या म्हणजे आत काहीतरी आहे, आणि तुम्ही लोक सांगत नाही."

एवढ्या वर्षांत गोळ्या सोडण्याची कारणं मी खूप ऐकली आहेत. मळमळ, दारू, नवस, कुणीतरी दिलेला काढा. हे कारण पहिल्यांदाच ऐकलं, आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर ते अगदी बरोबर होतं. पाकीट मेहुण्याने नेलेलं. वर लिहिलं होतं रोज चार. का चार, ते सांगायला समोर कुणी नव्हतं.

त्यांना मी सांगितलं ते असं. डोस वजनावर असतो. तुमचं वजन 47 होतं तेव्हा तीन. आता 53. पाच किलोपेक्षा जास्त वाढलं आणि 50 ची रेघ ओलांडली, म्हणून चार. आजार वाढला म्हणून नाही, तुम्ही वाढलात म्हणून. वजन वाढलं नसतं तर तीनच राहिल्या असत्या.

"म्हणजे बरा झालो म्हणून वाढल्या?"

"हो."

ते पहिल्यांदा हसले. पण लगेच दुसरी गोष्ट काढली. "आणि गुडघे? दुसऱ्या महिन्यात गुडघे असे धरले होते की क्लच दाबताना डोळ्यात पाणी यायचं. घाटात काय करायचं मी? गोळ्या सोडल्या आणि आठ दिवसांत गुडघे मोकळे झाले. म्हणजे गोळ्याच होत्या ना?"

गोळ्याच होत्या, हे मी मान्य केलं. पहिल्या दोन महिन्यांच्या गोळीत पायराझिनामाइड नावाचं औषध असतं. त्याने रक्तातलं युरिक अॅसिड वाढतं आणि काहींचे सांधे दुखतात. पण दुसऱ्या टप्प्यातल्या गोळीत ते औषध नसतंच. चारच्या जागी तीनच औषधं असतात, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल. माझ्या मांडीवर असलेल्या पाकिटात त्यांचे गुडघे धरणारं औषध आधीच नव्हतं. ज्याची भीती होती ते त्यांनी सोडण्याच्या दहा दिवस आधीच बंद झालं होतं. गुडघे मोकळे व्हायचे ते गोळ्या चालू ठेवूनही झाले असते.

मी त्यांना जुन्या आणि नव्या स्ट्रिपच्या मागची नावं दाखवली. जुनी रिकामी स्ट्रिप माझ्याकडे नेहमी असते, समजावायला. त्यांनी दोन्ही बाजूबाजूला धरून अक्षर लावून वाचली. दहावी शिकलेला माणूस. "हे एक कमी आहे," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "हे त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर..." वाक्य पुरं केलं नाही.

आता उरला रिपोर्ट. निगेटिव्ह म्हणजे जंतू नाहीत, असं त्यांना वाटत होतं. हे बहुतेक सगळ्यांनाच वाटतं. त्यांना सांगितलं, सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचे जंतू दिसायला एका मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. त्याखाली असतील तर काचेवर दिसत नाहीत. निगेटिव्हचा अर्थ एवढाच की संख्या खूप उतरली. पहिल्या काही आठवड्यांत मरतात ते भराभर वाढणारे जंतू. खोकला, ताप, भूक मरणं हे त्यांच्यामुळे असतं, म्हणून ते मेले की माणसाला बरं वाटतं. पण काही जंतू जवळजवळ झोपल्यासारखे पडून राहतात. टीबीचा जंतू तसाही सावकाश वाढतो, एकाचे दोन व्हायला त्याला वीसेक तास लागतात, आणि झोपलेला तर त्याहून हळू. औषध त्याला गाठतं ते तो जागा होईल तेव्हा, आणि त्या वेळी शरीरात औषध असावं लागतं. पुढचे चार महिने आहेत ते त्याच्यासाठी.

दादा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे रेडिएटर तापला म्हणून पाणी ओतलं, काटा खाली आला. पण होस फाटलेलाच."

"बरोबर."

"मग पुढच्या चढाला पुन्हा."

मला जे सांगायला एवढा वेळ लागला ते त्यांनी दोन वाक्यांत सांगून टाकलं.

एक गोष्ट मात्र अजून राहिली होती आणि ती काढायची की नाही, याचा मी विचार करत होते. केबिनकडे बघितलं. क्लीनर मागच्या बाजूला रस्सा आवळत होता. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, येवल्याकडचा. घरच्या सगळ्यांची तपासणी झाली होती, पण दादांचं घर वर्षातले निम्मे दिवस ही केबिन होती, आणि तिथे त्यांच्याशेजारी झोपत होता तो हा. फेब्रुवारीत विचारलं तेव्हा दादांनी क्लीनर नाही, एकटाच चालवतो, असं सांगितलं होतं.

"दादा, केबिनमध्ये काच बंद करून दोघं झोपता का?"

"डास असतात म्हणून..." ते बोलता बोलता थांबले.

मी सांगितलं, औषध नीट चालू असलं की पहिल्या काही आठवड्यांतच माणसाकडून दुसऱ्याला लागण्याची भीती खूप कमी होते. पण त्याच्या आधी तुम्ही दोन महिने खोकत होतात, आणि आता पुन्हा खाकरताय. त्याची तपासणी व्हायला हवी. पण मी त्याला तुमच्याबद्दल एक शब्द सांगणार नाही, तो अधिकार तुमचा.

त्यांना हे जड गेलं. त्या पोराचा बाप त्यांच्या ओळखीचा होता, त्यानेच मुलाला त्यांच्या हाती दिलं होतं. खूप वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग उठून गाडीमागे गेले, आणि मी लांबून बघितलं की ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगताहेत. पोरगा आधी माझ्याकडे बघत राहिला, मग मान हलवली.

त्या दिवशी गाडी निघाली नाही. शेठला पोट बिघडल्याचं सांगून दादांनी ती दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती दिली, एवढी ओळख ड्रायव्हरांची एकमेकांत असते. दुपारी दोघंही आरोग्य केंद्रात आले. दादांचं वजन भरलं साडे-एकावन्न. दीड किलो गेलं होतं, आणि ते त्यांना माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. त्यांची एक थुंकी तेव्हाच घेतली, दुसरी डबी दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या द्यायला सांगितली. सकाळची थुंकी घट्ट असते, तिच्यात जंतू सापडण्याची शक्यता जास्त. नुसती लाळ आली तर तपासणी फुकट जाते, म्हणून खोल श्वास घेऊन छातीतून कसं काढायचं ते पुन्हा दाखवलं.

दोन्ही निगेटिव्ह आल्या. एक नमुना कल्चरसाठीही पाठवला, कारण कल्चरमध्ये थोडे जिवंत जंतू असले तरी वाढतात. त्याला काही आठवडे लागतात. तोही पुढे निगेटिव्ह आला. आमच्या डॉक्टरांनी सगळं बघून ठरवलं की आहेत तीच औषधं पुढे चालू ठेवायची, अकराव्या डोसपासून, आणि चुकलेले दिवस शेवटी वाढवायचे. दुसऱ्या टप्प्याचे 112 डोस मोजून पूर्ण करायचे. त्या दोन-दोन गोळ्यांचे दोन दिवस डोसमध्ये धरले नाहीत. खंड होता 24 दिवसांचा. सलग महिना भरला असता तर निक्षयवर 'उपचार सोडलेला रुग्ण' अशी नोंद झाली असती, पुन्हा मशीनवर तपासणी, औषधाला दाद देतो का ते बघणं, आणि पहिल्या दिवसापासून सुरुवात.

मग बसून रस्त्यावरचं ठरवलं. हे खरं तर फेब्रुवारीतच ठरवायला हवं असतं, पण तेव्हा भाडी जवळची होती. रात्री गाडी चालवणाऱ्या माणसाला 'सकाळी उपाशीपोटी' हे वेळापत्रक लागूच होत नाही, कारण त्याची सकाळ कधी दुपारी होते. दादांचं ठरलं की झोपून उठल्यावर, चहाच्या आधी, आणि मळमळलं तर थोडं खाऊन. उपाशीपोटी औषध चांगलं लागू होतं, पण न घेण्यापेक्षा खाऊन घेतलेलं केव्हाही बरं. पाकीट डॅशबोर्डवरून काढून सीटखालच्या कपड्यांच्या पिशवीत, उन्हापासून लांब. घेताना वहिनींना व्हिडिओ कॉल. डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर गोळ्या थांबवून लगेच दवाखाना. आणि समोरचा लाल-हिरवा सिग्नल पुसट दिसायला लागला तर त्याच दिवशी फोन, कारण इथॅम्ब्युटॉलने क्वचित नजरेवर, रंगांवर परिणाम होतो. ड्रायव्हरला हे सांगायचं राहून गेलं तर त्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते.

गाडी लांब अडकली आणि गोळ्या संपल्या तर काय, हा त्यांचा प्रश्न होता. निक्षय आयडी देशभर चालतो. संबळपूर असो की खरगपूर, सरकारी दवाखान्यात तो नंबर दाखवला की तिथे गोळ्या मिळायची सोय होते. शिवाय 1800-11-6666 हा टोल फ्री नंबर आहे. दादांनी तो आयडी पाकिटावरून मोबाईलमध्ये सेव्ह केला, 'गाडी नंबर' या नावाने, कुणी बघितलं तरी कळू नये म्हणून.

क्लीनरचा एक्स-रे स्वच्छ निघाला. त्याला खोकला, ताप काही नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी आठवड्याच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या. दादा आणि तो एकाच गाडीवर राहिले. पुढे वहिनींनी सांगितलं की दादा झोपून राहिले तर तोच हलवून उठवायचा, "उस्ताद, गोळ्या."

मध्ये एकदा घोळ झाला. जूनमध्ये पावसात गाडी ओडिशात तीन दिवस अडकली आणि पाकीट संपत आलं. तेव्हा त्यांनी मला रात्री फोन केला. मी आमच्या सुपरवायझरना सांगितलं, त्यांनी तिथल्या केंद्राशी बोलून दुसऱ्या दिवशी एक आठवड्याच्या गोळ्या मिळवून दिल्या. त्या दिवशी डोस संध्याकाळी घेतला गेला, चुकला नाही.

पोळ्याच्या सुमारास 112 वा डोस झाला. शेवटची थुंकी निगेटिव्ह. वजन 56. कार्डावर 'बरा झाला' अशी नोंद करताना दादा समोरच बसले होते. मी त्यांना सांगितलं की हे इथे संपत नाही, पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी यायचं. टीबी उलटला तर बहुतेक वेळा याच काळात उलटतो, आणि लवकर सापडला तर सोपं जातं. खोकला दोन आठवडे राहिला तर तारखेची वाट न बघता यायचं.

"फेब्रुवारीत येईन," ते म्हणाले. "पण तेव्हा गाडी गुवाहाटीला असली तर?"

"तर तिथल्या सरकारी दवाखान्यात थुंकी द्या आणि मला रिपोर्टचा फोटो पाठवा."

त्यांनी मोबाईल काढून तारीख टाकली. मग क्लीनरचीही टाकली, कारण त्याच्या गोळ्या संपल्या होत्या तरी त्यालाही दाखवायला सांगितलं होतं.

फेब्रुवारीत गाडी गुवाहाटीला नव्हती, लासलगावलाच होती. दोघंही आले.